रात्रीचे लिस्टिंग-प्रकाशन: वेळ, बॅचची मर्यादा, नोंदी आणि परतीची वाट

प्रश्न: "आम्ही म्हापशाहून गोव्यातील होमस्टे आणि भाड्याच्या व्हिलांची साइट चालवतो. सुमारे चार हजार लिस्टिंग आहेत. मालक आणि घरे सांभाळणाऱ्या एजन्सी दिवसभर एक्सेल फायली पाठवतात, आणि रात्री क्रॉनमधून एक पीएचपी स्क्रिप्ट चालून सगळे थेट साइटवर जाते. मागच्या महिन्यात एका फायलीमुळे बऱ्याच घरांचे दर चुकले. बॅकअप होता, पण वापरता आला नाही. जॉब किती वाजता लावावा, एका वेळी किती लिस्टिंग घ्यावीत, लॉगमध्ये काय लिहावे आणि चूक झाल्यास मागे कसे यावे? डेटाबेस पोस्टग्रेस आहे."

नमस्कार. बॅकअप असूनही वापरता आला नाही, हे आपल्या प्रश्नातले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रात्री एक वाजताचा बॅकअप परत चढवला, तर चुकलेले दर जातील, पण त्यांच्याबरोबर पहाटेपासून आलेली बुकिंगही जातील आणि मालकांनी सकाळी स्वतः केलेले बदलही पुसले जातील. आपल्याला हवे असते ते याहून पुष्कळ लहान: त्या रात्रीच्या फेरीने ज्या घरांना हात लावला तेवढीच घरे, आणि त्यांतलीही आज तशीच असतील तेवढीच, पूर्वस्थितीला यावीत. त्यासाठी कोणत्या फेरीने कोणते लिस्टिंग कशावरून कशावर नेले, याची नोंद डेटाबेसमध्ये असावी लागते. ही नोंद एकदा नीट बसली की लॉग, बॅचची मर्यादा आणि रोलबॅक या तिन्ही गोष्टी तिच्यावरच उभ्या राहतात. म्हणून आपण वेळेबद्दल आधी विचारले असले, तरी मी सुरुवात परतीच्या वाटेपासून करतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. बुकिंग आपल्याच साइटवर होते की फक्त चौकशी येते, दर इतर भागीदार साइटनाही पाठवले जातात का, आणि सर्व्हर कार्यालयात आहे की भाड्याने घेतलेला आहे, यांनुसार पुढचे काही आकडे बदलतील. मी असे धरून चालतो की बुकिंग आपल्याकडे होते आणि एकदोन भागीदारांना दर जातात.

सध्या आपली स्क्रिप्ट बहुधा लिस्टिंगच्या ओळीवरच नवी माहिती लिहीत असावी. त्या क्षणी जुनी माहिती नाहीशी होते आणि परत येण्याचा मार्गही बंद होतो. त्याऐवजी माहिती एका वेगळ्या `listing_version` तक्त्यात ठेवावी. तिथे लिहिलेली आवृत्ती पुन्हा कधीही बदलायची नाही, फक्त नवी आवृत्ती जोडायची. मूळ `listing` तक्त्यात `live_version_id` हा एकच रकाना राहतो आणि साइट त्या क्रमांकाची आवृत्ती दाखवते. मग प्रकाशन म्हणजे हा क्रमांक पुढे सरकवणे आणि रोलबॅक म्हणजे तोच क्रमांक मागे नेणे, एवढेच उरते. मालकाने साइटवरून स्वतः केलेला बदलही याच मार्गाने, म्हणजे नवी आवृत्ती तयार करूनच, झाला पाहिजे. तो सरळ ओळीवर लिहिला गेला तर पुढची सगळी रचना खोटी ठरते. घर साइटवरून काढणे हीसुद्धा एक आवृत्तीच मानावी, जिच्यात 'लपवलेले' अशी खूण असेल. ओळ पुसून टाकू नये, कारण पुसलेल्या ओळीला मागे नेण्यासारखे काहीच शिल्लक राहत नाही.

तिसरा तक्ता फेरीच्या नोंदीचा. त्याला मी `publish_item` म्हणतो. त्यात फेरीचा क्रमांक, लिस्टिंगचा क्रमांक, माहिती कोणाकडून आली तो स्रोत, बॅचचा क्रमांक, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, निकाल आणि नाकारले असल्यास त्याचे कारण, एवढे रकाने पुरतात. फेरीचे दोन टप्पे स्वच्छ वेगळे करावेत. पहिल्या टप्प्यात सर्व फायली वाचून नव्या आवृत्त्या तयार करायच्या, तपासण्या लावायच्या आणि हा तक्ता भरायचा. साइटवर काहीही बदलत नाही. दुसऱ्या टप्प्यात फक्त `ready` असा निकाल असलेल्या नोंदी बॅचनुसार प्रसिद्ध करायच्या. आपल्याकडे आज हे दोन्ही टप्पे एकाच लूपमध्ये चालत असतील, तर शेवटच्या फायलीत गडबड आहे हे कळेपर्यंत आधीच्या सगळ्या फायली साइटवर गेलेल्या असतात.

दुसऱ्या टप्प्यातली बॅच आणि रोलबॅक ही एकाच साच्याची विधाने आहेत. रोलबॅकचे विधान असे दिसते:

```sql
WITH back AS (
  UPDATE listing l
  SET live_version_id = p.old_version_id
  FROM publish_item p
  WHERE p.run_id = 812
    AND p.source = 'S07'
    AND p.result = 'published'
    AND l.id = p.listing_id
    AND l.live_version_id = p.new_version_id
  RETURNING l.id
)
UPDATE publish_item p
SET result = 'rolled_back'
FROM back
WHERE p.run_id = 812 AND p.listing_id = back.id;
```

यातली `l.live_version_id = p.new_version_id` ही अट सगळ्यात मोलाची आहे. तिचा अर्थ असा की आज साइटवर दिसणारी आवृत्ती अजूनही त्या रात्रीच्या फेरीचीच असेल, तरच मागे जायचे. रात्रीनंतर मालकाने स्वतः काही दुरुस्त केले असेल, तर ती आवृत्ती वेगळी असते, अट जुळत नाही आणि त्याच्या दुरुस्तीला धक्का लागत नाही. बॅच प्रसिद्ध करतानाही हीच अट उलट्या दिशेने लावायची: साइटवर अजून `old_version_id` असेल तरच पुढे जायचे, नाहीतर ती नोंद `skipped` म्हणून ठेवायची. फक्त अगदी नव्या लिस्टिंगची जुनी आवृत्ती रिकामी असते, म्हणून तिथे `=` ऐवजी `IS NOT DISTINCT FROM` वापरावे लागते. ते विसरले तर नवी घरे कधीच प्रसिद्ध होत नाहीत आणि लॉगमध्ये ती निमूटपणे `skipped` दिसत राहतात. नवे लिस्टिंग मागे नेले की त्याचा क्रमांक पुन्हा रिकामा होतो, म्हणजे ते साइटवरून दिसेनासे होते, आणि तेच अपेक्षित आहे.

आता एक घडलेले प्रकरण सांगतो. घरे भाड्याने लावणाऱ्या एका ग्राहकाकडचे ते आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे जुळवून घेतले आहेत, पण बिघाड नेमका असाच होता. आपणही पीएचपी वापरत असल्याने तो आपल्याकडेही होऊ शकतो.

पेडण्याच्या किनारपट्टीवर घरे सांभाळणाऱ्या एका एजन्सीची फाईल एरवी `01-12-2025` अशा तारखांनी यायची. त्या वर्षाच्या सुरुवातीलाच डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचे दर पाठवताना कोणीतरी नव्या संगणकावर फाईल तयार केली आणि तारखा `01/12/2025` अशा झाल्या. पीएचपीचे `strtotime` आडव्या रेघेची तारीख दिवस-महिना अशी वाचते आणि तिरक्या रेघेची तारीख अमेरिकी पद्धतीने महिना-दिवस अशी. त्यामुळे 1 डिसेंबर ते 10 डिसेंबर हा दहा दिवसांचा काळ 12 जानेवारी ते 12 ऑक्टोबर असा वाचला गेला. 6,500 रुपयांचा डिसेंबरचा दर मे महिन्यालाही लागला आणि भर पावसातल्या जुलैलाही. उलट खऱ्या 1 ते 10 डिसेंबरला कोणताच खास दर न उरल्याने तिथे 2,200 रुपयांचा मूळ दर दिसू लागला.

त्या फेरीत एकूण 640 लिस्टिंगमध्ये बदल होता, त्यांतली 180 या एजन्सीची. ज्या 31 घरांचे दर 15 डिसेंबरपर्यंत दिले होते, त्यांची तारीख वाचलीच गेली नाही, कारण पंधरावा महिना नसतो. ती 31 नाकारली गेली. पण ज्यांचे दोन्ही दिवस 12 च्या आतले होते, ती 149 लिस्टिंग कसलीही तक्रार न करता तपासणीतून पार झाली. फेरी थांबवण्याची मर्यादा 'एकूण नाकारलेली 5 टक्क्यांहून अधिक' अशी होती. 640 पैकी 31 म्हणजे 4.8 टक्के. फेरी पुढे गेली.

तोच आकडा स्रोतानुसार पाहिला तर चित्र उघड होते: 180 पैकी 31 म्हणजे 17 टक्के, आणि बाकी सर्व स्रोतांत शून्य. रात्रीच्या प्रकाशनात चुका विखरून येत नाहीत, त्या बहुतेक वेळा एका फायलीतून, एका हाताखालून, घोळक्याने येतात. म्हणून थांबण्याची मर्यादा आधी स्रोतावर आणि मग संपूर्ण फेरीवर लावावी, आणि मर्यादा ओलांडली तर तो स्रोत बाजूला काढून बाकीच्यांचे काम चालू ठेवावे. लहान मालकाच्या दोन घरांपैकी एक नाकारले गेले तर ते 50 टक्के होतात, म्हणून टक्केवारीबरोबर किमान संख्याही ठेवावी. मी सहसा 5 टक्के आणि किमान तीन लिस्टिंग अशा दोन्ही अटी एकत्र लावतो.

दुसरी तपासणी नाकारलेल्यांची नसून स्वीकारलेल्यांची आहे, आणि ती अनेक ठिकाणी नसतेच. फाईल व्याकरणाने शुद्ध आहे का हे पाहून आपण थांबतो. तिचा परिणाम पाहत नाही. पुढच्या बारा महिन्यांतील प्रत्येक 15 तारखेला त्या घराचा दर जुन्या आवृत्तीनुसार किती आणि नव्या आवृत्तीनुसार किती, एवढे बारा आकडे पहिल्या टप्प्यातच काढावेत. कोणत्याही एका तारखेला दर दुप्पट झाला किंवा निम्म्यावर आला, तर ते लिस्टिंग 'संशयित' मानावे, आणि एका स्रोताची दहा टक्क्यांहून अधिक लिस्टिंग संशयित असतील तर तो स्रोत माणसाने पाहेपर्यंत अडवावा. वरच्या प्रकरणात 15 मे रोजी 2,200 चे 6,500 झालेले दिसले असते आणि फाईल साइटपर्यंत पोहोचलीच नसती.

तारीख वाचण्याचा उपाय सोपा आहे. `strtotime` सोडून `DateTime::createFromFormat('!d/m/Y', $s)` असे स्वरूप सांगूनच वाचावे. मात्र हे फंक्शनही 31/02/2025 नाकारत नाही, ते गुपचूप 3 मार्चवर सरकते. म्हणून वाचलेली तारीख पुन्हा त्याच स्वरूपात लिहून मूळ मजकुराशी जुळते का, ते पाहावे.

सकाळी एका मालकाने मे महिन्याचा दर पाहून फोन केला तेव्हा काय करावे लागले, तेही सांगतो. वरचे विधान फेरी 812 आणि स्रोत `S07` देऊन चालवले गेले. 149 पैकी 146 लिस्टिंग मागे आली. उरलेल्या तीन घरांच्या मालकांनी सकाळीच स्वतः काहीतरी बदलले होते, म्हणून ती विधानाने सोडून दिली. ही उरलेली यादी म्हणजे त्या फेरीतल्या ज्या नोंदी अजून `published` आहेत पण साइटवरची आवृत्ती वेगळी आहे त्या, आणि ती स्क्रिप्टने स्वतःहून पडद्यावर दाखवली पाहिजे. तिघांपैकी एकाने फक्त छायाचित्र बदलले होते, त्यामुळे त्याच्या नव्या आवृत्तीत चुकीचे दर तसेच आले होते. अशी लिस्टिंग हातानेच पाहावी लागतात. तिथे आपोआप निर्णय घेणारा हुशार कोड लिहिण्याच्या मोहात पडू नये.

बुकिंगचे काय? रोलबॅकने दर मागे जातो. चुकलेल्या दराने झालेले बुकिंग मागे जात नाही आणि जाऊही नये, कारण तो ग्राहकाशी झालेला व्यवहार आहे. तो पाळायचा की ग्राहकाशी बोलायचे, हा निर्णय आपला आणि मालकाचा आहे. पण कोणती बुकिंग तशी आहेत हे क्षणात कळले पाहिजे. त्यासाठी बुकिंगच्या ओळीत दराबरोबर `listing_version_id` ही ठेवावा. मग फेरी 812 ने प्रसिद्ध केलेल्या आवृत्त्यांवर झालेली बुकिंग एका प्रश्नात मिळतात. तो रकाना नसेल तर वेळेवरून अंदाज बांधत बसावे लागते, आणि अर्धी सकाळ त्यातच जाते.

आता बॅच. शंभर की पाचशे, याला एकच उत्तर नाही, पण उत्तर काढण्याची रीत आहे. एक बॅच म्हणजे एक व्यवहार, म्हणजे एक `COMMIT`. जोवर तो होत नाही तोवर त्या ओळींवर कुलूप असते आणि त्या वेळी मालक साइटवर काही बदलू लागला तर त्याला थांबावे लागते. म्हणून एक बॅच दोनतीन सेकंदांत संपेल इतकी लहान असावी. केवळ क्रमांक सरकवायचा असल्याने पोस्टग्रेसला शंभर ओळी काहीच नाहीत. वेळ जातो तो शोध-सूची आणि कॅश ताजे करण्यात. ते काम व्यवहाराच्या आत करूच नये. प्रत्येक व्यवहाराच्या सुरुवातीला `SET LOCAL lock_timeout = '3s'` ठेवावे, म्हणजे कुठे अडकले तर बॅच खोळंबून राहण्याऐवजी रद्द होते, आणि तेवढीच बॅच थोड्या वेळाने पुन्हा घेता येते. नोंदीचा निकाल आणि आवृत्तीचा क्रमांक एकाच व्यवहारात बदलत असल्याने मध्येच प्रक्रिया मेली, तरी पुन्हा सुरू केल्यावर ती फक्त उरलेल्या `ready` नोंदी उचलते.

पहिली बॅच मी मुद्दाम वीसचीच ठेवतो आणि तिच्यात प्रत्येक मोठ्या स्रोताची एकदोन लिस्टिंग येतील असे पाहतो. ती प्रसिद्ध झाली की स्क्रिप्टने त्यांतली काही पाने साइटवरून ग्राहकासारखी मागवून पाहावीत: पान उघडते का, दराच्या जागी आकडा आहे का. ते जमले नाही तर फेरी तिथेच थांबते आणि नुकसान वीस लिस्टिंगपुरते राहते. त्यापुढे शंभरच्या बॅच. वरच्या फेरीत 609 लिस्टिंग प्रसिद्ध झाली, म्हणजे वीसची एक, शंभरच्या पाच आणि शेवटची 89 ची, अशा सात बॅच झाल्या.

बॅचच्या मर्यादेहून वेगळी अशी संपूर्ण फेरीची मर्यादाही हवी, आणि लपवल्या जाणाऱ्या लिस्टिंगची तर स्वतंत्र हवी. फाईल अर्धवट अपलोड झाली की तिच्यात नसलेली घरे 'मालकाने काढली' असे समजून लपवणारी स्क्रिप्ट मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. फायलीत नसणे आणि काढायला सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फायलीत 'बंद' असा स्पष्ट रकाना असेल तरच लपवावे, आणि तरीही एका फेरीत एकूण लिस्टिंगच्या दोन टक्क्यांहून अधिक लपत असतील, तर एकही न लपवता माणसाला विचारावे. एकूण बदलांसाठी पंचवीस टक्क्यांची मर्यादा सुरुवातीला पुरे.

ही मर्यादा वर्षातून एकदोनदा खऱ्या कारणासाठी तुटणार हे गृहीत धरा. ऑक्टोबरमध्ये सीझनचे दर लागतात तेव्हा जवळजवळ प्रत्येक मालक एकाच आठवड्यात फाईल पाठवतो आणि दर खरोखरच दुप्पट होतात. तेव्हा कंटाळून कोणी मर्यादा ऐंशी टक्क्यांवर नेऊन ठेवली, तर ती पुढे तशीच राहते आणि तपासणी नावापुरती उरते. त्यापेक्षा एका रात्रीपुरती परवानगी द्यावी: `allow_large_run` असा एक तक्ता, त्यात तारीख, स्रोत आणि परवानगी देणाऱ्याचे नाव. फेरी संपली की परवानगी संपली.

वेळेबद्दल. रात्री अडीच ही वेळ बहुतेकांना चालते, आणि बॅकअप एक वाजता सुरू होत असेल तर तो संपल्यावर ती येते. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल तर भारतीय अडीच म्हणजे आदल्या दिवसाचे 21:00, म्हणजे क्रॉनमध्ये `0 21 * * *`. आपल्याकडे घड्याळ ऋतूनुसार पुढेमागे होत नसल्याने हे वर्षभर चालते, पण लॉगमधली तारीख आणि आपली तारीख वेगळी दिसून गोंधळ होतो. म्हणून मी `systemd` चा टायमर पसंत करतो, ज्यात वेळेचा विभाग स्पष्ट लिहिता येतो:

```
[Timer]
OnCalendar=*-*-* 02:30:00 Asia/Kolkata
Persistent=true
```

`Persistent=true` मुळे अडीच वाजता मशीन बंद असेल तर ते सुरू होताच राहिलेली फेरी चालते. सर्व्हर कार्यालयात असेल तर पावसाळ्यात याची गरज पडेल. पण त्याचा दुसरा अर्थ असा की सकाळी अकराला वीज आली तर फेरीही अकराला, ऐन कामाच्या वेळी सुरू होईल. म्हणून स्क्रिप्टने पहिल्या ओळीत घड्याळ पाहावे आणि पहाटे पाच उलटून गेले असतील तर फक्त पहिला टप्पा, म्हणजे तपासणी, करून थांबावे. प्रसिद्ध करायचे की नाही ते माणूस ठरवेल.

एकाच वेळी दोन फेऱ्या चालू नयेत याची काळजी टायमर घेतो, पण कोणी हाताने स्क्रिप्ट चालवली तर नाही. त्यासाठी सुरुवातीला `SELECT pg_try_advisory_lock(4201);` विचारावे आणि उत्तर `false` आले तर बाहेर पडावे. प्रक्रिया मेली की जोडणी तुटते आणि हे कुलूप आपोआप सुटते, त्यामुळे कुलपाची फाईल मागे राहून पुढच्या रात्रीचा जॉब अडला, असे होत नाही. मात्र मध्ये जोडण्या वाटून देणारा पूलर असेल तर या कामासाठी डेटाबेसशी थेट जोडणी घ्यावी.

कोणत्या रात्री जॉब चालवू नये, हेही ठरवून ठेवावे. माझा निकष एवढाच आहे की सकाळी आठला कोणीतरी निकाल पाहणार असेल तरच रात्री प्रसिद्ध करायचे. चवथीच्या दिवसांत कार्यालय रिकामे असते. 31 डिसेंबरच्या रात्री अडीच वाजता तर गोव्यात निम्मे लोक जागे असतात आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलायला कोणी नसते. अशा तारखांची यादी स्क्रिप्टला द्यावी आणि त्या रात्री फक्त पहिला टप्पा चालवावा.

लॉगचे काम बरेचसे `publish_item` ने आधीच केले आहे. मजकुराच्या लॉगमध्ये लिस्टिंगगणिक ओळ लिहिण्याची गरज नाही; प्रत्येक बॅचला एक ओळ पुरते:

```
run=815 batch=3 planned=100 published=97 skipped=3 failed=0 ms=2140
```

फेरीच्या शेवटी मात्र स्रोतानुसार एक ओळ हवी, कारण वर पाहिले तसे चूक तिथेच दिसते. नाकारण्याचे कारण ठरावीक संकेतात लिहावे, जसे `bad_date` किंवा `no_reg_number`, आणि त्यासोबत फायलीतला मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवावा. 31 नोंदींत `bad_date` आणि प्रत्येकीत `15/12/2025` असे एका खाली एक दिसले, की दिवस-महिना उलटले आहेत हे कोणाच्याही लक्षात येते. नुसते 'तारीख चुकीची' असे लिहिले तर येत नाही. मालकांचे फोन क्रमांक आणि बँकेचे तपशील लॉगमध्ये येऊ देऊ नयेत.

यशाचा संदेश आला नाही म्हणजे काहीतरी बिघडले, हे ओळखणारी सूचना दुसऱ्या मशीनवर हवी. जॉब सुरूच झाला नाही तर त्याचा लॉग त्याबद्दल काही सांगू शकत नाही. फेरीने शेवटी एका बाहेरच्या पत्त्यावर 'झाले' अशी खूण करावी, आणि सकाळी सहापर्यंत ती आली नाही तर त्या बाजूने आपल्याला संदेश यावा.

भागीदार साइटना दर पाठवणे, शोध-सूची ताजी करणे आणि मालकांना 'आपले दर बदलले' असा मेल धाडणे ही कामे परत घेता येत नाहीत, म्हणून ती फेरीच्या आत करू नयेत. बॅचच्या त्याच व्यवहारात एका `outbox` तक्त्यात नोंद टाकावी आणि वेगळ्या प्रक्रियेने ती पुढे पाठवावी. शोध-सूची लगेच ताजी केली तरी चालेल, कारण ती पुन्हा बांधता येते. भागीदार आणि मेल मात्र सकाळी नऊपर्यंत अडवून ठेवावेत. आठला रोलबॅक झाला तर त्या नोंदी नुसत्या रद्द होतात. नऊनंतर झाला तर रद्द करून भागत नाही. जुन्या आवृत्तीची माहिती नवी नोंद म्हणून पुन्हा पाठवावी लागते, आणि भागीदाराकडे ती किती वेळात दिसेल हे आपल्या हातात नसते.

रोलबॅकनंतरचे एक काम हमखास राहून जाते. चुकलेली फाईल अजून येणाऱ्या फायलींच्या फोल्डरमध्येच असते किंवा एजन्सी तीच पुन्हा पाठवते, आणि पुढच्या रात्री तेच दर पुन्हा साइटवर जातात. म्हणून रोलबॅकची आज्ञा चालली की तिने तो स्रोत आपोआप अडवला पाहिजे, आणि कोणी नाव लिहून मोकळा करेपर्यंत त्याच्या फायली फक्त पहिल्या टप्प्यापर्यंतच जाव्यात.

आपल्याकडे आज यातले काही नसेल तर सगळे एकदम उभारू नका. आधी फक्त दर आणि घर सुरू-बंद असण्याची स्थिती या दोन गोष्टी आवृत्तीच्या तक्त्यात न्याव्यात. वर्णने आणि छायाचित्रे जुन्या पद्धतीने चालू राहू द्यावीत, त्यांतल्या चुकीने कोणाचे पैसे जात नाहीत. नवी आवृत्ती केवळ बदल असेल तेव्हाच तयार करा, म्हणजे चार हजार लिस्टिंगना जागेची चिंता करावी लागणार नाही. त्यानंतर पहिला टप्पा काही रात्री नुसताच चालवा, काहीही प्रसिद्ध न करता, आणि त्याने अडवलेल्या स्रोतांची यादी आपल्या जुन्या स्क्रिप्टने प्रत्यक्षात काय केले त्याच्याशी ताडून पाहा. मर्यादांचे खरे आकडे त्यातूनच मिळतील, माझे आकडे सुरुवातीपुरते घ्या. दुसरा टप्पा चालू करण्याआधी साइटवर न दिसणारी पाचसहा चाचणीची लिस्टिंग बनवून त्यांच्यावर रोलबॅक करून पाहा, आणि त्यांपैकी एक लिस्टिंग मध्येच हाताने बदला. ते एक मागे आले नाही आणि बाकीची आली, तर अट बरोबर बसली आहे.